मुदत हुकलेल्या परताव्यासाठी विलंबमाफी

समजा, मडगावच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या ठेवव्याजातून बँकेने १८ हजार रुपये कर कापला. आजारपणामुळे करनिर्धारण वर्ष २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतही भरता आले नाही. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११९(२)(ब) खाली त्यांना विलंबमाफीचा अर्ज ३१ मार्च २०२९ पर्यंत, म्हणजे ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, करता येतो. एक कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात. ‘आजारी होते’ एवढ्याने भागत नाही. रुग्णालयाच्या कागदांवरील तारखा विलंबाच्या काळाशी जुळाव्या लागतात. माफी मिळाली म्हणजे परतावा मिळाला असे नव्हे. त्यानंतर विवरणपत्र भरायचे असते. अशा परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही.