शुक्रवारच्या बाजाराची तांबडी भाजी

म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो. तिथे तांबडी भाजी विकायची तर पेरणीचं गणित बाजारापासून मागे मोजायचं. ही माठवर्गातली भाजी उन्हाळी हवेत साधारण 25 ते 30 दिवसांत उपटायला येते. 28 दिवस धरले की बरोबर चार आठवडे होतात, म्हणजे शुक्रवारी पेरलेला वाफा चौथ्या शुक्रवारच्या बाजाराला तयार होतो. चार वाफे केले आणि दर आठवड्याला एकच पेरला, तर बाजार चुकत नाही. गुरुवारी रिकामा झालेला वाफा लगेच शुक्रवारी पेरायचा. पाचवा वाफा मात्र हाताशी ठेवावाच, कारण थंडीत वाढ मंदावते आणि आठवडा पुढे सरकतो. उलट भाजी आठवडाभर जास्त राहिली, तर देठ जून होतात आणि शेंड्याला तुरा दिसू लागतो; गिऱ्हाईक देठ मोडून बघतं आणि पुढे जातं.

उपटणी गुरुवारी ऊन उतरल्यावर करावी. मुळांची माती धुऊन जुड्या बांधाव्यात, पण दाट ढीग रचू नये. पानांचा श्वास उपटल्यावरही चालू असतो, त्याची ऊब ढिगात कोंडते आणि पानं पिवळी पडतात. ढिगात हात घालून पाहावा. गरम लागला तर जुड्या लगेच मोकळ्या करून सावलीत उभ्या ठेवाव्यात.

भेंडीला हा हिशोब लागू पडत नाही. ती एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणून तिला आठवड्यात निदान तीन बाजार हवेत.