तासगाव ते दिल्ली: पन्नास बॉक्सचा तोटा कुठे लिहायचा?

तासगावचा व्यापारी दिल्लीच्या आडत्याकडे बेदाणा पाठवतो, तेव्हा तो माल विकलेला नसतो, फक्त पाठवलेला असतो. आडत्या विकेपर्यंत मालकी तासगावचीच. वाटेत ट्रक उलटला तर फटकाही तिथेच बसतो, आडत्याला नाही. हिशोबनीसांच्या भाषेत हा प्रेषणाचा, म्हणजे कन्साइनमेंटचा व्यवहार. या खात्याची खरी परीक्षा ३१ मार्चला होते, कारण काही माल विकलेला असतो, काही पडून असतो आणि काही पोहोचलेलाच नसतो.

समजा, ३,००० रुपये खरेदीचे १,००० बॉक्स निघाले. भाडे, हमाली, विमा धरून १ लाख खर्च झाला, म्हणजे बॉक्समागे १००. वाटेत अपघातात ५० बॉक्स मातीमोल झाले. उरलेले ९५० उतरवून घ्यायला आडत्याने १९,००० खर्चले, बॉक्समागे २०. त्यातले ७५० बॉक्स ३,६०० रुपयांनी गेले. आडत ५ टक्के, म्हणजे १,३५,०००. विक्रीचा किरकोळ खर्च ७,५००.

गेलेल्या ५० बॉक्सची किंमत ३,१०० च्या दराने १,५५,००० होते. दिल्लीतले २० रुपये यात येत नाहीत, कारण ते बॉक्स दिल्लीला पोहोचलेच नाहीत. ही रक्कम प्रेषण खात्याला जमा करून बाहेर काढायची. विमा कंपनीने १,२०,००० मंजूर केले, तर उरलेले ३५,००० थेट नफा-तोटा खात्यात. बेदाणा सुकून वजन थोडे घटले, तर गोष्ट वेगळी. ती घट धंद्यातलीच, तिचा भार चांगल्या मालावर पसरतो.

शिल्लक २०० बॉक्सना मात्र दिल्लीपर्यंतचा सगळा खर्च चिकटतो. ३,१२० प्रमाणे ६,२४,०००. आडत आणि विक्रीचा खर्च यात मिसळायचा नाही. तो विकलेल्या मालाने सोसायचा.

आता खाते जुळते. नावे बाजूला ३२,६१,५००; जमा बाजूला विक्री, नुकसान आणि शिल्लक मिळून ३४,७९,०००. नफा २,१७,५००. पडताळा सोपा आहे: बॉक्समागे ४८० प्रमाणे ७५० बॉक्सचे ३,६०,००० आणि त्यातून आडत व विक्रीखर्च वजा.

अपघाताची रक्कम बाहेर काढली नाही, तर नफा अवघा ६२,५०० दिसतो आणि व्यापारी उगाच दिल्लीच्या बाजाराला, नाहीतर आडत्याला दोष देतो. उलट चूकही सर्रास होते. शिल्लक माल निव्वळ ३,००० नेच धरला, तर न विकलेल्या बॉक्सचे २४,००० भाडे-हमाली विकलेल्या बॉक्सच्या माथी बसते. बाजार पडून आडत वजा जाता हाती येणारा भाव ३,१२० च्या खाली गेला, तर मात्र शिल्लक त्या कमी भावानेच दाखवावी लागते.