वाक्याच्या शेवटी 'ऑन' आलं म्हणून काय बिघडलं?

पनवेलमध्ये इंग्रजीच्या शिकवण्या गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक नियम मुलांच्या डोक्यात पक्का बसवला जातो: इंग्रजी वाक्य प्रेपोझिशनवर संपवायचं नाही. मागे एका दहावीच्या मुलीची वही पाहिली. तिनं लिहिलं होतं, 'गिव्ह मी अ चेअर टू सिट ऑन.' शेवटच्या 'ऑन'वर लाल रेघ आणि मार्क कापलेला. मुलीचं बरोबर होतं, चूक तपासणाऱ्याची होती. हा नियम पालक, शिक्षक आणि ऑफिसातले साहेब इतक्या आत्मविश्वासानं सांगतात, की आता ऐकून घेणं अवघड होत चाललं आहे.

आधी ते 'ऑन' का लागतं ते पाहू. मराठीत 'बसायला खुर्ची दे' म्हटलं की भागतं. इंग्रजीत मात्र खुर्ची 'सिट' करता येत नाही. 'सिट ऑन अ चेअर' असंच म्हणावं लागतं. त्यामुळे 'चेअर' पुढे गेली, तरी 'ऑन' आपल्या जागी उरतं. ते खोडलं तर वाक्य लंगडं होतं, आणि कधी अर्थही हरवतो. 'समथिंग टू राइट ऑन' म्हणजे कागद, 'समथिंग टू राइट विथ' म्हणजे पेन आणि 'समथिंग टू राइट अबाउट' म्हणजे विषय. शेवटचा शब्द काढा आणि समोरच्यानं काय आणून द्यायचं ते सांगा बघू! शिवाय 'द डॉक्टर वॉज सेंट फॉर' किंवा 'ही कान्ट बी रिलाइड ऑन' अशा वाक्यांत ते प्रेपोझिशन उचलून पुढे न्यायला जागाच नसते.

नियमाच्या धाकानं मुलं दुसरीच चूक करायला लागतात. 'द हाउस इन विच आय लिव्ह इन' हे वाक्य मी वह्यांत आणि नोकरीच्या अर्जांतही पाहिलं आहे. 'इन विच' लिहायचं म्हणून लिहिलं, आणि कानाला हवं होतं म्हणून शेवटचं 'इन'ही राहिलं. यातलं एक 'इन' खरोखरच जास्तीचं आहे. रेघ मारायचीच असेल, तर ती इथे मारावी.

हा नियम आला कुठून? त्याचा सगळ्यात जुना ठळक पुरावा 1672 सालचा आहे. कवी आणि समीक्षक जॉन ड्रायडन यानं नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांना या कारणावरून नावं ठेवली. इंग्रजी वाक्य बरोबर आहे का, हे पाहायला आपण ते लॅटिनमध्ये करून पाहतो, असं तो स्वतःच सांगत असे. पुढे 1684 मध्ये त्यानं आपल्याच जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा शेवटी आलेली प्रेपोझिशनं हुडकून हलवली.

1762 मध्ये बिशप रॉबर्ट लाउथनं इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. बंदी त्यानंच घातली, असं सर्रास सांगितलं जातं. तेही खरं नाही. ही इंग्रजीची स्वाभाविक लकब आहे, बोलण्यात चालते, गंभीर लेखनात प्रेपोझिशन आधी आलेलं बरं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि हे सांगणाऱ्या वाक्यातच त्यानं तीच लकब वापरली होती. 1795 मध्ये लिंडले मरे यानं आपल्या व्याकरणात लाउथचं ते वाक्य उचललं आणि नियमाप्रमाणे 'दुरुस्त' करून छापलं. गंमत संपली, नियम उरला.

हा मरे आपल्या ओळखीचा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिलं, ते मरेच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. मरेचा साचा लॅटिन व्याकरणावरून आलेला. म्हणजे लॅटिनचा सदरा आधी इंग्रजीला घातला आणि मग तोच थोडा उसवून मराठीला. पुढचे मराठी वैयाकरण या मापाबद्दल तक्रार करत आले, ती उगाच नाही.

पण आपल्याला हा नियम इतका पटतो, त्याचं कारण मला वेगळंच वाटतं. या बाबतीत मराठी लॅटिनच्या जवळची आहे. 'साठी', 'जवळ', 'वर' हे शब्द नामाला चिकटूनच येतात. त्यांना सोडून नाम दुसरीकडे निघून जात नाही. लॅटिनमध्ये ते बहुधा नामाच्या आधी येतात, आपल्याकडे नंतर, पण जोडी दोन्हीकडे फुटत नाही. त्यामुळे एकटं पडलेलं 'ऑन' आपल्या कानाला अर्धवट वाटतं. इंग्रजी लॅटिनची मुलगी नाही. ती जर्मॅनिक कुळातली. तिच्या नात्यातल्या स्वीडिश आणि डॅनिश भाषांतही वाक्य असं संपतं, आणि जुन्या इंग्रजीतही ही रचना सापडते. ड्रायडनच्या आधी कित्येक शतकं लोक असंच बोलत होते.

आता स्प्लिट इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालणं. तेही करायचं नाही, असं शिकवतात. इथेही तेच. आपलं 'करायला' किंवा लॅटिनचं 'अमारे' हा एकच शब्द आहे. त्याच्या पोटात दुसरा शब्द शिरणार कसा? इंग्रजीत मात्र 'टू' सुटा आहे. 'आय डोन्ट वाँट टू' असं म्हणून तो एकटाही राहू शकतो. एक मात्र मान्य करायला हवं: 1864 मध्ये धर्मगुरू हेन्री आल्फर्डनं अशा वाक्यांना नाक मुरडलं ते लॅटिनचा दाखला देऊन नव्हे. लॅटिनचं कारण या नियमाला मागाहून चिकटवलेलं दिसतं, आणि तेही टिकत नाही.

सोसायटीच्या नोटिशीचं उदाहरण घ्या. 'द कमिटी डिसायडेड टू इमिजिएटली रिपेअर द लिफ्ट.' कुणीतरी जाणकार 'इमिजिएटली' उचलून 'टू'च्या आधी ठेवतो: 'डिसायडेड इमिजिएटली टू रिपेअर.' आता निर्णय झटपट झाला असं वाचता येतं. लिफ्ट कधी दुरुस्त होणार ते देव जाणे. 'इमिजिएटली' शेवटी टाकलं तर वाक्य स्वच्छ होतं, आणि जिथे तशी सोय आहे तिथे ती जरूर घ्यावी. पण सगळीकडे ती नसते. विमानतळामुळे पनवेलच्या जमिनींबद्दल कुणी लिहिलं, 'प्राइसेस आर एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल', तर ते 'मोअर दॅन' दुसरीकडे कुठे ठेवणार? कोशकार एच. डब्ल्यू. फाउलरनं 1926 मध्येच सांगून ठेवलं, की संदिग्ध किंवा ओढूनताणून केलेल्या वाक्यापेक्षा 'टू' तोडलेला बरा. 'टू' आणि क्रियापदात सहा-सात शब्द कोंबले तर वाक्य वाचवत नाही हे खरं, पण तो दोष लांबणीचा आहे.

आणि हा नियम सांगणारेच रजेच्या अर्जात 'यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली ग्रँट मी लीव्ह' असं बिनदिक्कत लिहितात!

बाकीचे किरकोळ. 'अँड' किंवा 'बट'नं वाक्य सुरू करू नये, याला कुठलाही आधार नाही. 'अप विथ विच आय विल नॉट पुट' हे प्रेपोझिशनच्या नियमाची खिल्ली उडवणारं प्रसिद्ध वाक्य चर्चिलचं म्हणून सांगतात. पण तो विनोद 1942 मध्ये चर्चिलचं नाव न घेता छापलेला आहे. आणि जुना नियम पाळला की भाषा आपोआप औपचारिक होते, हेही खरं नाही; 'टू हूम आर यू टॉकिंग' असं फोनवर विचारून बघा.

परीक्षेत तपासणारा जुन्या मताचा असेल या भीतीनं 'इन विच'ची रचना शिकवायला हरकत नाही. औपचारिक लेखनात ती शोभतेही. पण शिक्षकांनो, दुसरी रचना चूक म्हणून मार्क कापू नका, आणि मुलानं 'अ चेअर टू सिट' एवढंच लिहिलं असेल, तर पुढे 'ऑन' लिहून द्या.