चेहऱ्याआधी अक्षर : क्षत्रपांची चांदीची नाणी छायाचित्रावरून ओळखताना

जुन्या नाण्याचे छायाचित्र हाती आले की नजर आधी चेहऱ्यावर जाते. नाक कसे आहे, मिशी आहे का, डोक्यावर टोपी आहे की केस, यावरून आपण राजा शोधू लागतो. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांपुरते तरी हे उलट्या टोकाने सुरू करणे आहे, असे माझे ठाम मत आहे. नाशिक, जुन्नर, गुजरात आणि माळवा या पट्ट्यात सुमारे तीन शतके चाललेली ही चांदीची नाणी नखाएवढी असतात. व्यास साधारण दीड सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जागेत राजाचे नाव, बापाचे नाव, दोघांच्या पदव्या आणि पुढे पुढे वर्षसुद्धा कोरलेले आहे. चेहरा मात्र फसवतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच नाशिक जिल्ह्यातला आहे. 1906 साली जोगळटेंभी येथे चांदीच्या 13,000हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी मुळात क्षहरात घराण्यातल्या नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यांना चेहऱ्यांत विलक्षण फरक दिसला. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा, नाकाची ठेवणही वेगवेगळी. हे एकाच माणसाचे चेहरे नसून घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांचे असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. पण नाव प्रत्येकावर नहपानाचेच. ठसे कोरणारे हात अनेक होते, हे कारण मला अधिक पटते. काहीही असो, केवळ चेहऱ्यावरून वाटणी केली असती तर एका राजाचे पाच-सहा राजे झाले असते.

नहपानाच्या नाण्यावर तीन लिप्या आहेत. चेहऱ्याभोवती ग्रीक, मागे बाण आणि वज्र या चिन्हांभोवती ब्राह्मी व खरोष्ठी. ग्रीक अक्षरांतला मजकूरही ग्रीक भाषेतला नाही. ‘राजा क्षहरात नहपानाचे’ हेच प्राकृत शब्द त्या अक्षरांत उतरवलेले आहेत. पुढच्या क्षत्रपांच्या काळात खरोष्ठी नाहीशी होते आणि ग्रीक अक्षरे अर्थ हरवून चेहऱ्याभोवतीची नक्षी होऊन राहतात. त्यामुळे नाव वाचता आले नाही तरी या लिप्यांच्या अवस्थेवरून काळाचा अंदाज बांधता येतो. ग्रीक अक्षरे सुटी, वाचण्याजोगी आणि मागे खरोष्ठी असेल तर नाणे आरंभीचे. नुसत्या उभ्या-गोल रेघा उरल्या असतील तर नंतरचे.

जोगळटेंभीच्या साठ्यातल्या 9,000हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नाणी वितळवली नाहीत, चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटवला आणि मागे उज्जैन चिन्ह. छायाचित्रात असे नाणे पहिल्या नजरेला नुसता गोंधळ वाटते. अशा वेळी चित्र फिरवून पाहावे, कारण दुसरा ठसा पहिल्याच्या दिशेने बसवण्याची कुणी काळजी घेतलेली नव्हती. एका कोनात कमानी सरळ उभ्या राहतात, दुसऱ्या कोनात त्यांच्या फटीतून नहपानाचे नाक किंवा मानेची रेघ दिसते. नंतरचा ठसा कोणता, हे जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे कळते. जी अखंड जाते ती नंतरची. जी तुटते, चेपते ती आधीची. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाने खखरात वंश निखंदून काढल्याचे कोरून ठेवले आहे. तेच इथे धातूवर दिसते.

आता नंतरच्या क्षत्रपांचे एक नाणे घेऊ. समजा छायाचित्रात मागच्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, वर चंद्रकोर आहे आणि कडेने ब्राह्मी अक्षरांतून ‘रुद्रसेनस’ एवढे नाव लागते. इथेच थांबून चालत नाही, कारण या नावाचे एकाहून अधिक राजे झाले. पहिला रुद्रसेन रुद्रसिंहाचा मुलगा, दुसरा वीरदामाचा, तिसरा रुद्रदामाचा. म्हणून ‘पुत्रस’ ही अक्षरे शोधावीत. त्यांच्या आधी बापाचे नाव, नंतर पुन्हा ‘राज्ञो’ आणि मग मुलाचे. चकती लहान आणि ठसा मोठा असल्याने बरीच अक्षरे काठाबाहेर गेलेली असतात. समजा आधीचे ‘दाम’ एवढेच उरले आहे. रुद्रसिंह बाद झाला. राहिले वीरदाम आणि रुद्रदाम. आता पदवी पाहावी. रुद्रदामाच्या मुलाच्या नाण्यावर दोन्ही नावांआधी ‘स्वामि’ येते आणि बापही महाक्षत्रप असतो. वीरदाम महाक्षत्रप झालाच नाही, तो क्षत्रपच राहिला. तेव्हा बापाच्या नावामागे ‘महा’ नसलेले ‘क्षत्रपस’ आणि कुठेही ‘स्वामि’ नाही, असे दिसले तर नाणे दुसऱ्या रुद्रसेनाचे.

पडताळा डोक्यामागच्या आकड्यांत मिळतो. वर्ष शक संवताचे असते आणि शंभर, दहा, एक यांना वेगवेगळी चिन्हे असतात. आपल्यासारखी स्थानाची किंमत तेव्हा वापरात नव्हती. दुसऱ्या रुद्रसेनाची वर्षे 177 ते 199, म्हणजे 78 मिळवून इसवी सन 255 ते 277. तिसऱ्याची 270 ते 300. शंभरच्या चिन्हाला बाजूची एक रेघ जोडली की दोनशे होतात. म्हणून त्या एका रेघेवर बरेच काही अवलंबून आहे, आणि तिथे ओरखडा असेल तर निर्णय बापाच्या नावावरच सोडावा. एकंचे चिन्ह काठाबाहेर गेले असेल तर दशकावर समाधान मानावे, अंदाजाने वर्ष भरू नये.

झीज आणि अपुरा ठसा यांची गल्लत फार होते. हातोहाती झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी जातो : कानावरचे केस, गालाचे हाड, डोंगराच्या कमानी. तिथला पृष्ठभाग गुळगुळीत होतो, खोलगट जागा टिकतात. ठसा कमी जोराने बसला असेल तर चकतीचा मूळ खडबडीतपणा तिथे तसाच राहतो आणि त्याच जागी मागची बाजूही बहुधा पुसट असते. म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे हवीत.

धातूबद्दल छायाचित्र सावधपणेच बोलते. जुनी चांदी खोलगट भागात काळपट आणि उंच भागात उजळ असते. काठावर हिरवट छटा असेल तर तांब्याचा अंश. सारखी पांढरीफटक दिसत असेल तर आम्लाने किंवा घासून साफ केलेली. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, मोकळ्या जागेत बारीक छिद्रे आणि काठावर सांध्याची रेघ असते. दोन नाण्यांवर चकतीच्या फटी आणि काठाबाहेर गेलेली अक्षरे तंतोतंत तीच असतील, तर त्यांतले निदान एक तरी नक्कल आहे, कारण हाताने मारलेला ठसा दोनदा तसाच बसत नाही.

छायाचित्र मागवताना दिवा एका बाजूने, खालून तिरपा धरायला सांगावा आणि नाणे न हलवता दिव्याची जागा बदलून तीन-चार चित्रे घ्यावीत. पुसट ब्राह्मी अक्षराची एक मात्रा एका उजेडात दिसते, दुसऱ्यात नाही. ‘गोतमिपुतस’ वाचून खूश होण्याआधी पुढे ‘यञ’ आहे का हे याच चित्रांत पाहावे, कारण यज्ञ सातकर्णीही स्वतःला गौतमीपुत्र म्हणवत असे. त्याचे चेहरा असलेले चांदीचे नाणे 1882 साली सोपाऱ्याच्या स्तूपात सापडले होते. शेजारी मोजपट्टी आणि ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत वजन असेल तरच पुढे जावे. दीड सेंटिमीटरचे नाणे साडेतीन ग्रॅम भरत असेल, तर अक्षरे कितीही सुबक असोत, ते प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय नाव देऊ नये.