कोणी किती सोडलं, तेही लिहा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव सुटे भाग लेथवर तासून देणारा एक छोटा कारखाना आहे असं समजा. दोन सख्खे भाऊ भागीदार आहेत. थोरल्यांचं भांडवल 18 लाख आणि नफ्यात वाटा 60 टक्के, धाकट्यांचं भांडवल 12 लाख आणि वाटा 40 टक्के. बहिणीचा मुलगा गेली काही वर्षं पगारावर कारखान्याचं काम सांभाळतो. थोरल्यांना आता व्याप कमी करायचा आहे आणि भाच्याला भागीदार करून घ्यायला दोघेही राजी आहेत. मार्च महिन्यात सभा होते, चहा होतो आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं जातं: ‘भाच्यास 20 टक्के वाट्याने भागीदार करून घेण्यास सर्वानुमते मंजुरी. भाचा 10 लाख भांडवल आणील. यापुढे नफा 40:40:20 या प्रमाणात.’ खाली सह्या होतात.

प्रेमाच्या घरात एवढं पुरेसं वाटतं, पण पैशाचा खरा प्रश्न या तीन वाक्यांत आलेलाच नाही. भाच्याला मिळालेले 20 टक्के कोणाच्या वाट्यातून आले? धाकट्यांचा वाटा आधी 40 होता, आताही 40 आहे. थोरले मात्र 60 वरून 40 वर आले. म्हणजे सगळे 20 टक्के थोरल्यांनी सोडले.

याला किंमत आहे. वर्षानुवर्षं टिकलेली गिऱ्हाइकं, वेळेवर माल देणारा कारखाना म्हणून बाजारात असलेलं नाव, हे सगळं मिळून जे मोल होतं त्याला हिशेबात ‘ख्याती’ म्हणतात. ती मोजायची एक सोपी रीत लहान कारखान्यांना चालते. मागच्या तीन वर्षांचा नफा 6.5, 7.5 आणि 8.5 लाख असेल तर सरासरी 7.5 लाख येते. दोन वर्षांच्या नफ्याइतकी ख्याती धरायची असं ठरलं तर ती होते 15 लाख. दोन वर्षंच का, तीन का नाहीत, याला कायद्यात उत्तर नाही. ते भागीदारांनी ठरवायचं असतं आणि म्हणूनच ते इतिवृत्तात यायला हवं. भाचा 20 टक्क्यांचा धनी होतो, म्हणून 10 लाख भांडवलाशिवाय त्याने ख्यातीपोटी 3 लाख आणायचे.

हे 3 लाख कोणाचे? भागीदारांनी वाटा ज्या प्रमाणात सोडला, त्या प्रमाणात ते वाटायचे असतात. इथे ते पूर्ण थोरल्यांचे आहेत. पण इतिवृत्तात त्याबद्दल अक्षर नसेल, तर वर्षअखेरीस हिशेब लिहिणारा सवयीने जुन्या 60:40 प्रमाणात वाटणी करण्याची शक्यता असते. मग एक टक्काही न सोडलेल्या धाकट्यांच्या खात्यावर 1 लाख 20 हजार जमा होतात. थोरल्यांच्या हे लक्षात येतं ते बहुधा फार उशिरा, भावाभावांत दुसऱ्याच कशावरून तरी बोलाचाली झाल्यावर. म्हणून माझा आग्रह आहे की नव्या प्रमाणाच्या शेजारी, कोणी किती सोडलं हे एका वाक्यात लिहावंच. आणि थोरले ही रक्कम भांडवलात ठेवणार की काढून घेणार, तेही लिहावं. काढून घ्यायची असेल तर आधी सीएला विचारावं, कारण भागीदार बदलताना फर्ममधून घेतलेल्या पैशावर कर बसू शकतो.

जुनं प्रमाण लागतं ते दुसऱ्या गोष्टीला. समजा 2 लाखांची येणी वसूल होण्यासारखी राहिलेली नाहीत. हे नुकसान भाचा येण्याआधीचं आहे. त्याचा बोजा त्याच्यावर टाकणं अन्याय होईल, म्हणून ते 31 मार्चला जुन्या प्रमाणातच वाटून टाकायचं: थोरल्यांकडून 1 लाख 20 हजार, धाकट्यांकडून 80 हजार. जागेची किंवा यंत्रांची किंमत वाढवून धरायची असेल तर तो फायदाही याच प्रमाणात दोघा भावांचा. सगळं झाल्यावर थोरल्यांचं भांडवल 19 लाख 80 हजार, धाकट्यांचं 11 लाख 20 हजार आणि भाच्याचं 10 लाख होतं. हे तीन आकडे ‘1 एप्रिलची सुरुवातीची शिल्लक’ म्हणून इतिवृत्तात उतरवले की पुढच्या कितीतरी वादांची वाट बंद होते.

आता भांडवलात 8 लाख 60 हजारांचा फरक असताना दोघा भावांना नफा मात्र सारखा. हे गैर नाही, धाकटे आता जास्त वेळ देणार असतील. पण थोरल्यांच्या जादा पैशाचं काय? याचं नेहमीचं उत्तर म्हणजे भांडवलावर व्याज. 12 टक्क्यांनी धरलं तर थोरल्यांना धाकट्यांपेक्षा वर्षाला 1 लाख 3 हजार 200 रुपये जास्त मिळतात आणि उरलेला नफा मग सारखा वाटता येतो. मात्र 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात नसेल तर भांडवलावर व्याज मिळत नाही, आणि असलं तरी, वेगळं ठरलेलं नसेल तर, ते नफ्यातूनच द्यायचं असतं. प्राप्तिकरातही असं व्याज खर्च म्हणून धरलं जातं ते भागीदारी पत्रात तशी तरतूद असेल तरच, आणि जास्तीत जास्त 12 टक्के सरळ व्याजापर्यंत.

हाच कायदा सांगतो की नवा भागीदार घ्यायला सगळ्या भागीदारांची संमती लागते. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर बहुमत चालत नाही. तिघांपैकी एक जण पुण्याला असेल आणि ‘त्यांची हरकत नाही’ असं दुसऱ्याने लिहिलं असेल, तर ते इतिवृत्त लंगडं आहे. त्यांची स्वतःची सही किंवा लेखी संमती जोडायलाच हवी. सभा घेऊन इतिवृत्त ठेवलंच पाहिजे असं बंधन भागीदारी फर्मवर नाही, तरी भागीदारांचे आपापसातले हक्क सर्वांच्या संमतीने बदलता येतात आणि त्या संमतीचा पुरावा म्हणून हा कागद कामाला येतो.

तारखेबद्दल काटेकोर राहावं. सभा ऑगस्टमध्ये आणि भाचा ‘1 एप्रिलपासून’ भागीदार, असा मागचा प्रवेश दाखवला की करखात्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे प्रश्न येतात. भागीदार होण्याआधीच्या फर्मच्या कर्जाची जबाबदारी कायद्याने भाच्यावर येत नाही, त्यामुळे नेमकी तारीख त्याच्या दृष्टीने मोलाची आहे. पण बँकेचं कॅश क्रेडिट चालू असेल तर बँक त्याच्याकडून नव्या कागदांवर सह्या घेईल, आणि त्या सह्यांबरोबर जुन्या थकबाकीची हमीही त्याच्या गळ्यात पडू शकते. सही करण्याआधी त्याने त्या दिवसाची थकबाकी विचारून घ्यावी आणि ती इतिवृत्तातही नोंदवून घ्यावी. तोट्यातही 20 टक्के वाटा त्याचा, हे त्याला समजलंय ना, तेही मामांनी सभेत विचारावं आणि ‘नफा’ऐवजी ‘नफा-तोटा’ लिहावं.

इतिवृत्तावर काम थांबत नाही. त्याच मजकुरावरून स्टॅम्पपेपरवर पुरवणी किंवा नवं भागीदारी पत्र करायचं, त्याची प्रत विवरणपत्रासोबत प्राप्तिकर खात्याला द्यायची, जीएसटी नोंदणीत 15 दिवसांत बदल करायचा आणि फर्म नोंदलेली असेल तर निबंधकांना बदल कळवायचा. यातलं शेवटचं काम सर्वांत जास्त राहून जातं आणि त्याचा फटका भाच्यालाच बसतो: निबंधकांच्या नोंदवहीत नाव नसलेल्या भागीदाराला, करारातला हक्क मिळवण्यासाठी फर्मवर किंवा मामांवर दावा लावता येत नाही. म्हणून इतिवृत्तातल्या शेवटच्या ठरावात ही कामं कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते नावानिशी लिहावं. हे काम भाच्यानेच स्वतःकडे घेतलेलं बरं.