टेपर गेला, पण का गेला?

कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागलेला मुलगा आठवडाभर मशीनवर उभा असतो. त्याच्या डायरीत मात्र रोज एकच ओळ दिसते : ‘आज टर्निंग केले.’ शनिवारी सुपरवायझर सहा सह्या एका दमात ठोकतो. ही डायरी काम झाल्याचा पुरावा आहे, पण शिकल्याचा नाही.

अनुभव आणि शिकणं यांत अंतर असतं, हे डेव्हिड कोल्ब या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1984 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नीट मांडलं. त्याच्या मते हातून काम घडतं, मग माणूस काय घडलं ते निरखतो, त्यामागचा नियम शोधतो आणि तो नियम पुढच्या कामावर लावून बघतो. त्यातून नवा अनुभव येतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. ऐकायला हे सोपं आहे. शॉप फ्लोअरवर ते कुठे अडतं, हे पाहायला टर्नरच्या कामातलं एक उदाहरण घेऊ.

समजा, 300 मि.मी. लांबीचा पोलादी जॉब लेथच्या दोन सेंटर्समध्ये धरला आहे. व्यास 40 मि.मी. हवा आहे. टेलस्टॉककडच्या अर्ध्या भागावर कट मारून ॲप्रेंटिसने मायक्रोमीटर लावला, तर टेलस्टॉकच्या टोकाला 40.24 आणि तिथून 150 मि.मी. आत 40.16 भरलं. म्हणजे जॉबला टेपर आला.

इथे उस्ताद बहुधा पुढे होतो, टेलस्टॉकचे स्क्रू फिरवतो, कट मारतो आणि म्हणतो, ‘झालं, लाग कामाला.’ त्याचंही चुकत नाही, शिफ्टला नग द्यायचे असतात. पण पोराच्या वाट्याला फक्त पहिलं पाऊल आलं, पुढची तीन उस्तादाच्या डोक्यातच राहिली.

त्याऐवजी त्याने पोरालाच विचारावं, ‘जाड कुठे आहे?’ या एका प्रश्नाने निरखणं सुरू होतं. सेंटर्समध्ये धरलेला जॉब मध्ये फुगलेला असेल, तर तो कटच्या दाबाने वाकतो आहे, स्टेडीचा आधार हवा. कट टेलस्टॉककडून हेडस्टॉककडे जात असताना टूलची धार झिजली, तर जाडी हेडस्टॉककडे वाढत जाते. आपल्या जॉबमध्ये ती टेलस्टॉककडे आहे. म्हणजे टेलस्टॉक टूलपासून दूर, मागे सरकलेला आहे. तो कामगाराच्या बाजूला ओढायला हवा.

किती? पोरगा हिशेब करतो : व्यासातला फरक 0.08, त्याचा निम्मा 0.04. डायल गेज लावून तो टेलस्टॉक तेवढाच पुढे घेतो आणि पुन्हा हलका कट मारतो. फरक कमी होतो, पण 0.04 उरतोच. गंमत अशी की, शिकवणाऱ्याने गप्प बसायची खरी वेळ हीच असते. मापं 150 मि.मी. अंतरावर घेतली होती, पण जॉब 300 मि.मी.चा आहे. टेलस्टॉक सरकवला की पूर्ण परिणाम त्याच्या टोकाला होतो आणि हेडस्टॉककडे तो घटत जातो. म्हणून सरकवायला हवा होता 0.08. शाळेत समरूप त्रिकोण म्हणून शिकलेलं गणित ते हेच. आयटीआयच्या थिअरीच्या तासाला शिक्षकाने हाच जॉब फळ्यावर काढला, तर सूत्र पाठ करून घ्यावं लागत नाही.

हे सगळं करायला जॉबवर धातू शिल्लक हवा. व्यास 40.00 ला पोचल्यावर चूक कळून उपयोग नाही. सुपरवायझरने पोराला प्रयोग करू द्यायचा असेल, तर तो रफिंगनंतर आणि फिनिशिंगआधी, किंवा स्क्रॅपच्या तुकड्यावर.

चक्र पूर्ण झालं का, हे ओळखायची खूण सोपी आहे. त्याला दुसऱ्या लेथवर, वेगळ्या लांबीचा जॉब द्या. स्क्रूला हात लावायच्या आधी तो कुठल्या बाजूला, किती सरकवणार हे सांगू शकला, तर शिकला. नुसतं ‘थोडं पुढे घेतो’ म्हणाला, तर त्याला त्या एका मशीनची सवय झाली आहे, एवढंच.

डायरीतही मग ‘टर्निंग केले’ऐवजी चार गोष्टी याव्यात : मापं काय आली, कारण काय वाटलं, काय बदललं, नंतर काय आलं. रोज लिहायची गरज नाही. आठवड्यात असा एक जॉब पुरे, मात्र सही करणाऱ्याने तो वाचून एक प्रश्न विचारायला हवा.

एका ठिकाणी मात्र हे चक्र उलटं फिरवावंच लागतं. चकमध्ये किल्ली तशीच राहून लेथ सुरू झाला, किंवा हातमोजे घालून कोणी फिरत्या जॉबजवळ हात नेला, तर निरखायला सवड मिळत नाही. तिथे नियम आधी सांगायचा, रोज तपासायचा, आणि तो पाळला नाही तर मशीन द्यायचं नाही.