दहा घावांचा हिशेब

खाडीकाठी जेटीचा किंवा पुलाचा पाया घालायचा तर वरच्या मऊ चिखलावर भार टाकून चालत नाही. तो भार खालच्या घट्ट थरापर्यंत पोचवणारा लांब खांब म्हणजे पाइल. काही पाइल जमिनीत भोक पाडून, त्यात सळई उतरवून आणि काँक्रीट ओतून करतात. काही मात्र आधीच तयार केलेले असतात आणि यंत्राच्या हॅमरने ठोकून बसवतात. ठोकलेल्या पाइलचा एक मोठा फायदा असा की तो खाली जाता जाता जमिनीच्या ताकदीबद्दल काहीतरी सांगत जातो. ते बोलणे नीट ऐकणे हे साइटवरच्या इंजिनिअरचे काम.

गोठ्याबाहेर मेख ठोकणाऱ्याला हे हाताने कळते. सुरुवातीला मेख सरसर आत जाते, मग प्रत्येक घावाला कमी कमी सरकते आणि शेवटी ती पक्की बसली याची खात्री पटते. पाइलच्या बाबतीत हाच अंदाज आकड्यात मांडतात. एका घावाने पाइल कायमचा जितका खाली गेला, त्याला 'सेट' म्हणतात. साधारणपणे शेवटच्या दहा घावांत पाइल एकूण किती उतरला ते मोजून त्याला दहाने भागतात.

मोजण्याची जुनी पद्धत आजही चालते. पाइलच्या अंगावर आलेखाचा कागद चिकटवतात. पाइलपासून थोडे दूर दोन खुंट रोवून त्यांवर सरळ पट्टी टेकवतात. हॅमर पडताना एक माणूस पट्टीच्या आधाराने पेन्सिल आडवी सरकवत नेतो. घाव बसला की पाइल खचतो आणि लगेच थोडा वर उसळतो, त्यामुळे कागदावर एक टोकदार रेघ उमटते. सुरुवातीची आणि शेवटची पातळी यांतला फरक म्हणजे सेट. मधली उसळी म्हणजे क्षणभर दाबली जाऊन पुन्हा पूर्ववत झालेली लांबी. ही उसळी महत्त्वाची आहे, कारण तेवढी ऊर्जा पाइल खाली ढकलण्यात खर्ची पडलेली नसते.

आता हिशेब. हॅमरचे वजन गुणिले तो पडला ती उंची, ही त्याची ऊर्जा. जमिनीचा विरोध गुणिले सेट, हे पाइलने केलेले काम. मधली गळती वजा केली की दोन्ही बाजू जुळायला हव्यात. आर्थर वेलिंग्टन या अमेरिकी अभियंत्याने 1888 मध्ये या तत्त्वावर एक सोपे सूत्र मांडले. लाकडी पाइल आणि दोरीने उचलून सोडायचे हॅमर डोळ्यांपुढे ठेवून त्याने सगळी गळती एका ठरावीक आकड्यात बसवली आणि उत्तराला सहाने भागायला सांगितले. सहापट राखीव ठेवावी लागते, यातच त्या सूत्राच्या अनिश्चिततेची कबुली आहे. पुढे 1925 मध्ये हायली या ब्रिटिश अभियंत्याने गळती वेगवेगळी मोजणारे सूत्र दिले. भारतात हायलीचे सूत्र आजही परिचित आहे:

R = (W × h × η) ÷ (S + C/2)

R म्हणजे जमिनीचा कमाल विरोध, W हॅमरचे वजन आणि h त्याची प्रत्यक्ष उपयोगी पडलेली उंची. η हा आकडा आदळण्यात किती ऊर्जा पुढे गेली ते सांगतो. S म्हणजे सेट आणि C म्हणजे क्षणिक दाबली गेलेली एकूण लांबी.

एक उदाहरण घेऊ. 350 मिमी चौरस, 12 मीटर लांबीचा काँक्रीट पाइल आहे. डोक्यावरच्या टोपीसकट त्याचे वजन सुमारे 4 टन. हॅमरही 4 टनांचा आणि तो 1 मीटर उंचीवरून विंचने सोडतात. विंचचा ड्रम आणि दोर फिरवण्यात काही ऊर्जा जाते, म्हणून उपयोगी उंची 80 सेंमी धरू. टोपीतल्या लाकडी गादीमुळे, म्हणजे डॉलीमुळे, आणि दोन्हींची वजने सारखी असल्यामुळे η सुमारे 0.53 येतो. शेवटच्या दहा घावांत पाइल 30 मिमी उतरला, म्हणजे सेट 3 मिमी. कागदावरची उसळी 9 मिमी. डॉलीचे दाबले जाणे कागदावर दिसत नाही, त्याचे 3 मिमी मिळवले की C होतो 12 मिमी. छेदात 0.3 आणि 0.6 सेंमी, मिळून 0.9. अंशात 4 × 80 × 0.53 म्हणजे 169.6. उत्तर सुमारे 188 टन. अडीचचा सुरक्षा गुणक लावला तर या पाइलवर 75 टन भार ठेवता येईल असे सूत्र म्हणते.

आता हाच हिशेब थोडा हलवून पाहा. सेट 3 ऐवजी 1 मिमी आला, तर 188 चे 242 होतात. सेट एक तृतीयांशावर आला, पण क्षमता तिपटीने वाढली नाही, कारण छेदातला मोठा वाटा उसळीचा आहे. म्हणून अगदी बारीक सेट मिळवण्यासाठी पाइल ठोकतच राहण्यात अर्थ नसतो. त्यातून मिळते थोडे आणि पाइलचे डोके मात्र फुटते.

खरा धोका हॅमरकडून आहे. दोर अडकत असेल, मार्गदर्शक दांडे तिरके असतील किंवा चालक उंची पूर्ण घेत नसेल आणि उपयोगी उंची 60 सेंमीच उरली असेल, तर त्याच 3 मिमी सेटला खरे उत्तर 141 टन येते, म्हणजे सुरक्षित भार 56 टन. कागदावरची रेघ तीच राहते. थकलेला हॅमर आणि घट्ट जमीन, दोन्हींमुळे सेट कमीच येतो, आणि नुसता सेट पाहून त्यांतला फरक कळत नाही. डॉली चेपून तंतुमय झाली किंवा पाइलचे डोके भुगा झाले, तरी ऊर्जा तिथेच मुरते आणि सेट खोटा चांगला दिसतो. म्हणून शेवटचे वाचन डॉली शाबूत असताना, डोके सपाट असताना आणि ठोकणे मध्ये न थांबवता घ्यायचे असते.

दुसरी मर्यादा जमिनीची आहे. सेट सांगतो तो ठोकताना जाणवलेला विरोध, पुढच्या महिन्यातला नव्हे. खाडीच्या चिकणमातीत ठोकताना मातीतल्या पाण्याचा दाब चढतो आणि माती तात्पुरती सैल पडते. काही दिवसांनी तो दाब उतरला की मातीची पकड वाढते. उलट पाण्याने भरलेल्या दाट बारीक वाळूत किंवा गाळात ठोकताना विरोध जास्त भासतो आणि नंतर तो उतरू शकतो. पहिल्या प्रकारात सूत्र पाइलला कमी लेखते, दुसऱ्यात त्याची क्षमता वाढवून सांगते. उपाय म्हणजे काही दिवस थांबून तोच पाइल पुन्हा मोजके घाव घालून तपासणे. यात पहिले काही घावच खरे बोलतात, कारण पुढे माती पुन्हा ढवळली जाते.

तिसरी मर्यादा सूत्राच्या मुळातच आहे. सूत्र पूर्ण पाइलला एकसंध, कडक गोळा मानते. प्रत्यक्षात घावाचा धक्का काँक्रीटमधून सेकंदाला सुमारे 4 किलोमीटर वेगाने लहरीसारखा खाली जातो आणि टोकावरून परततो. 1960 मध्ये स्मिथ या अभियंत्याने ही लहर संगणकावर मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज पाइलच्या डोक्याजवळ ताण आणि त्वरण मोजणारे संवेदक बसवून, पाइलपर्यंत प्रत्यक्ष किती ऊर्जा पोचली तेही त्याच घावात मोजता येते. ज्या आकड्याबद्दल जुने सूत्र अंदाज बांधत होते, तो इथे मोजमापातून मिळतो.

तरीही सेटचे वाचन टाकून देण्याजोगे नाही. एका जागी आधी दोन-तीन पाइलवर प्रत्यक्ष वजन ठेवून चाचणी घ्यावी, त्या पाइलचा सेट नोंदवावा आणि त्याच हॅमरने, तशाच मातीत ठोकलेल्या बाकीच्या पाइलची त्याच्याशी तुलना करावी. या कामासाठी सेट उत्तम आहे. एकट्या सूत्रावर भरवसा ठेवून इमारतीचा भार ठरवणे मात्र चूक. म्हणून बांधकामाची नोंदवही हाती आली, तर फक्त सेटचा आकडा पाहू नका. त्याच्याशेजारी हॅमरचे वजन, प्रत्यक्ष पडण्याची उंची, डॉलीची अवस्था आणि तारीख लिहिली आहे का ते विचारा. ही माहिती नसेल, तर त्या सेटवरून काढलेल्या क्षमतेला आधार नाही.